पावसच्या रस्त्यावर शंभर किलोमीटरला किती

आमच्या घरातला गाड्यांचा वाद एका नारळाने सुरू केला. पडवीला लागून जी शेड आहे तिच्यात एकच गाडी मावते. मी कर्ज काढून इलेक्ट्रिक गाडी घेतली, चार्जिंगचा पॉइंट शेडमध्ये बसवला आणि सासऱ्यांची जुनी पेट्रोलची गाडी अंगणात माडाखाली गेली. नारळ उतरवणाऱ्या पाडेकऱ्याला निरोप पाठवून झाले होते, तो आज येतो उद्या येतो करत होता. एका दुपारी धप्पकन आवाज झाला. आम्ही धावत बाहेर गेलो तर टप चेपलेला आणि नारळ मात्र धडधाकट.

"झालं!" बाबा म्हणाले. बाबा म्हणजे माझे सासरे. "माझ्या गाडीला घराबाहेर काढलंत ना, बघा आता."

माझा नवरा चेपलेल्या टपावरून हात फिरवत म्हणाला, "बाबा, आता दोन गाड्या कशाला? एक काढून टाकूया."

कुठली ते त्याने सांगितलं नाही, पण ते तिघांनाही कळलं. त्याला टपाचं काही पडलं नव्हतं. वडिलांचं वय झालं, त्यांनी आता गाडी चालवू नये, हे त्याच्या मनात बरेच दिवस घोळत होतं आणि नारळाने त्याला आयतं निमित्त दिलं. बाबांची पावसला आंब्याच्या कलमांची बाग आहे. रोज उजाडताच ते गाडी काढतात, भाट्ये पूल ओलांडतात, चढ चढून गोळपच्या सड्यावरून, त्या उंच कातळमाळावरून, पावसला जातात, प्रत्येक झाडाखाली उभं राहून वर बघतात, गड्याशी थोडं भांडतात आणि साडेनऊच्या आत घरी येतात. येऊन-जाऊन चाळीसेक किलोमीटर. बागेत त्यांनी रोज जायलाच हवं असं काही नाही. पण ती फेरी बंद झाली असती तर हा माणूस ओटीवर बसून नुसता पेपर चाळत राहिला असता, आणि ते मला बघवलं नसतं. म्हणून मी मध्ये पडले.

"बाबा माझी गाडी नेतील की," मी म्हटलं. "मला शाळेत जायला दहाला लागते. तोवर ते परत येतात."

"मी नाही नेणार," बाबा ताडकन म्हणाले. "माझी पेट्रोलची गाडी किती चोख आहे! तुझ्या त्या बॅटरीचं विजेचं बिल कुठे जातं ते बघितलंस का?"

आता बिलाचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. मी गणित शिकवते, हातखंब्याच्या पलीकडे एका शाळेत. मी तिथेच अंगणात उभी राहून सांगितलं, की माझी गाडी किलोमीटरला तुमच्या पेट्रोलच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत पळते, आणि हे मी स्क्रीनवर दाखवून देईन.

"दाखव," बाबा म्हणाले.

मी उत्साहाने त्यांना माझ्या गाडीत बसवलं आणि ट्रिपचं पान उघडलं. सरासरी तेरा पॉइंट चार. बाबा उतरले, त्यांच्या गाडीत गेले, चावी फिरवली, मीटरच्या काट्यांमधल्या छोट्या चौकोनात बघितलं आणि विजयी मुद्रेने बाहेर आले.

"माझी सतरा! तुझी तेरा! अगो, ही तर तुझ्यापेक्षा चांगली."

मी कपाळावर हात मारला. "बाबा, तुमची सतरा म्हणजे एका लिटरला सतरा किलोमीटर. तो आकडा जितका मोठा तितका बरा. माझे तेरा म्हणजे शंभर किलोमीटरला तेरा युनिट. तो जितका लहान तितका बरा. दोन्ही उलटे आहेत."

"मग दोघांनी एकाच भाषेत का नाही लिहिलं?" ते म्हणाले. कधीकधी ते असं विचारतात की राग यायच्या ऐवजी हसूच येतं.

मग आम्ही ओटीवर बसून दोन्ही एका भाषेत आणलं. शंभरला लिटरमागच्या किलोमीटरने भागलं की शंभर किलोमीटरला किती लिटर ते मिळतं. बाबांचा स्क्रीनवर विश्वास नव्हता, स्वतःच्याच गाडीच्याही नव्हता. ते टाकी काठोकाठ भरून, संपत आली की पुन्हा काठोकाठ भरून मोजणारे. त्यांच्या हिशेबाने खरा आकडा साडेसोळा होता, स्क्रीन थोडं चढवून सांगत होती. म्हणजे शंभर किलोमीटरला सहा लिटरच्या किंचित वर. लिटर एकशे पाच रुपये धरून किलोमीटरला सहा रुपये छत्तीस पैसे.

"आता तुझं सांग. आणि स्क्रीन म्हणते ते नको. भिंतीवरचा मीटर काय म्हणतो ते सांग."

इथे त्यांनी मला पकडलं. गाडीची स्क्रीन बॅटरीतून किती गेलं तेवढंच सांगते. चार्ज करताना वाटेत जी वीज गरम होऊन जाते ती तिला ठाऊकच नसते, पण बिल मात्र तिचंही येतं. सुदैवाने चार्जरच्या पॉइंटला मी वेगळा छोटा मीटर लावून घेतला होता. बघितलं तर स्क्रीनवर तेरा गेले की भिंतीवर पंधरा चढत होते. तसे माझे तेरा पॉइंट चार म्हणजे साडेपंधराच्या जवळ. युनिट बारा रुपये धरलं, कारण आमचं बिल वरच्या टप्प्यात जातं. किलोमीटरला एक रुपया शहाऐंशी पैसे. बाबांच्या सहा छत्तीसचा तिसरा हिस्सा दोन रुपये बारा पैसे. मी जिंकले होते.

"हे तुझ्या हातचं," बाबा म्हणाले. "हातखंब्याच्या रस्त्यावरचं. माझ्या हातून, पावसच्या रस्त्यावर, जाऊन-येऊन किती पडतं ते बघू. दोन बारा, त्याच्या आत आलं तर पेट्रोलची मी स्वतः विकतो. नाही आलं तर तुझी जाईल माडाखाली आणि माझी येईल शेडमध्ये, आणि विकायची भाषा परत कोणी करायची नाही."

"आणि नाही आलं," माझा नवरा आतून म्हणाला, "तर त्याचा अर्थ असा की हात बसत नाही. मग मी पावसला जायला रिक्षा लावून देतो. दोन्ही गाड्यांना तुम्ही हात लावायचा नाही."

ही तिसरी अट मी धरलीच नव्हती. पण बाबा म्हणाले, "चालेल." असे आहेत ते. अंगणातल्या अंगणात पैज लागली की मागे हटायचं नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या बाजूला बसले, शिकवायला. गोल खटका पुढे फिरवला की डी, मागे आर, मधे एन. क्लच नाही, गिअर नाही. निघताना ट्रिप ए, म्हणजे त्या फेरीची मोजणी, शून्यावर आणायची, बटण दाबून धरायचं. अंगणातून दोन-तीन चकरा झाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की ते लपवायला त्यांनी खिशातून रुमाल काढून काच पुसली. "आवाजच नाही मेलीला," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते एकटेच गेले.

परत आल्यावर चहा पिताना ते आकडा सांगत. पहिल्या फेरीला सतरा पॉइंट एक. म्हटलं, नवीन आहेत. दुसऱ्या दिवशी सतराच. तिसऱ्या दिवशी सोळा पॉइंट नऊ, चौथ्या दिवशी पुन्हा सतरा पॉइंट एक. सतराचा भाव भिंतीवरच्या मीटरने काढला तर किलोमीटरला दोन रुपये सदतीस पैशांपर्यंत जात होता. दोन बाराच्या वर. पंचवीस पैशांनी माझी गाडी हरत होती. स्वतःच्या अटीने बाबा जिंकत होते, नवऱ्याच्या अटीने मात्र रिक्षात बसत होते. माझा नवरा जेवताना शांतपणे म्हणाला, "तिच्या हातात तेरा आणि तुमच्या हातात सतरा. बाबा, गाडी तीच आहे ना?"

आणि मी काय केलं? मला त्यांची बाजू घ्यायची होती, पण आकडा माझ्या गाडीचा होता आणि माझा अभिमान दुखावला होता. "बाबा, तुम्ही मुद्दाम करताय," मी म्हटलं. "काचा खाली करून एसी लावत असाल. नाहीतर बागेतली खताची पोती भरून आणत असाल. एवढा फरक पडूच शकत नाही."

"मुद्दाम?" बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "मी? पावसला एसी? अगो, माझ्या स्वतःच्या गाडीत मी एसी लावत नाही, तुझ्यात लावीन? पोती काय, साधी आंब्याची पेटीसुद्धा नाही आणली. पण एक सांगतो. माझी गाडी गेली की तुझी उरते. मग रोज सकाळी मी तुझ्या दारात उभं राहून विचारायचं, सूनबाई, आज जाऊ का मी पावसला? ते माझ्याच्याने व्हायचं नाही. त्यापेक्षा रिक्षा लावा."

ते उठले आणि हात धुवायला गेले. खूप वाईट वाटलं मला. इतके दिवस पैसे, युनिट, लिटर असं चाललं होतं, आणि त्या सगळ्याखाली एवढंच होतं, की सकाळी घरातून निघताना त्यांना कोणाला विचारायचं नव्हतं. नवरा माझ्याकडे बघत होता. "बघतोस काय?" मी त्याच्यावरच ओरडले. "तुझ्यामुळे झालं हे." आमच्या घरात भांडण झालं की वाढायला उरलेलं वरण असंच गार होतं.

रविवारी मी न विचारता त्यांच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसले. त्यांनी ट्रिप ए शून्यावर आणली आणि निघाले. चालवण्यात काही दोष नव्हता. उलट पाय इतका हलका, की भाट्ये पुलावर मागून मासळीचे टेम्पो हॉर्न मारत होते आणि हे आपले एका लयीत. चढ आला तरी वेग तोच, हिसका नाही. मी स्वतः चढावर पाय दाबते, ते मला ठाऊक आहे. चढ संपला तेव्हा स्क्रीनवर आकडा तेवीसच्या पुढे गेला होता, पण तो जाणारच, आम्ही वर चढलो होतो. सड्यावर तो हळूहळू खाली आला. मला वाटलं, हा माणूस तर माझ्याहून चांगला चालवतो. मग सतरा येतात कुठून?

पुढे पावसच्या बाजूला उतार लागला. इथे माझ्या हातात ही गाडी असली की मी पाय काढते आणि स्क्रीनवरची हिरवी पट्टी भरू लागते. म्हणजे उतारावर चाकंच मोटर फिरवतात आणि वीज उलटी बॅटरीत जाते. आता मी पट्टीकडे बघत होते. पट्टी हलेना. शून्यावर. गाडी मात्र सुसाट. पुढे वळण, बाबांनी ब्रेक दाबला, मग सोडला, पुन्हा दाबला. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. डावा हात गोल खटक्यावर होता आणि खटका एनवर.

"बाबा! हे काय करताय?"

"काय म्हणजे? उतार आहे."

"न्यूट्रल का केलंत?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं. "उतारावर न्यूट्रल करायचं नाही तर काय? पेट्रोल जाळायचं? एवढी वर्षं गाडी चालवतोय, एकाही उतारावर गिअर ठेवला नाही मी."

मला हसावं की रडावं कळेना. आमच्या ह्या रस्त्यावर अर्धा रस्ता चढ आहे आणि अर्धा उतार, आणि बाबांच्या पिढीतल्या कुठल्याही चालवणाऱ्याचा हात उतार दिसला की आपोआप न्यूट्रलकडे जातो. पेट्रोल वाचवायची ती जुनी रीत. ती त्यांना सांगावीशीसुद्धा वाटली नव्हती, कारण उतारावर न्यूट्रल हे त्यांच्या लेखी गाडी चालवणंच होतं. आणि नेमकं तेच ह्या गाडीला नको होतं. न्यूट्रलमध्ये मोटर सुटते. वीज परत यायची वाट बंद. चढावर घातलेली ताकद वळणावळणाला ब्रेकमध्ये तापून जाते.

मी त्यांना गाडी बाजूला घ्यायला लावली आणि हे सगळं सांगितलं. न्यूट्रलमध्ये गाडी नुसत्या ब्रेकवर राहते, तेही बरं नव्हे, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग खटका डीवर आणला, निघाले आणि उतारावर पाय काढला. गाडी जरा मागे ओढल्यासारखी झाली. हिरवी पट्टी भरली.

"ही वीज आत येत्ये?"

"आत येत्ये."

"फुकट?"

"फुकट नाही हो. चढावर आपणच दिलेली. त्यातली थोडी परत."

बाग बघून परत फिरलो तेव्हा बाबांनी सड्यावरून भाट्यापर्यंतचा सगळा उतार डीमध्ये उतरला. ब्रेकवर पाय क्वचित. एक डोळा रस्त्यावर आणि एक हिरव्या पट्टीवर, तेव्हा मीच म्हटलं, बाबा, समोर बघा. पुलाशी आकडा बघून मी ओरडणार होते, तेवढ्यात ते म्हणाले, "इथे नको. आत्ताच उतार उतरलोय, इथे कोणाचाही चांगला दिसेल. घरी जाऊन बघू." आणि तेच बरोबर होतं. जाऊन-येऊन ठरलं होतं.

घरी अंगणात गाडी थांबली. आकडा बारा पॉइंट सहा.

मी दोनदा बघितला. माझा तेरा पॉइंट चारचा आकडा, ज्याच्या जिवावर मी अंगणात एवढी नाचले होते, त्याच्याहून खाली. भिंतीवरच्या मीटरने किलोमीटरला एक रुपया चौऱ्याहत्तर पैसे. नवरा अंगणात दात घासत उभा होता. मी त्याला म्हटलं, "हात बसत नाही म्हणत होतास ना? ये, बघ." तो आला, स्क्रीन बघितली, तोंडातला फेस तसाच. "बारा सहा?" त्याने फेसातूनच विचारलं.

आता कोणीही इथे थांबला असता. बाबा नाही थांबले. म्हणाले, "मग पेट्रोललाही एक संधी द्यायला हवी. तिलाही मी उतारावर न्यूट्रलमध्येच उतरवत होतो." म्हणून पुढची एक टाकी त्यांनी चेपलेल्या टपाची गाडी उतारावर गिअरमध्ये ठेवून चालवली. कारण गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या पेट्रोल गाडीत गिअरमध्ये पाय काढला की इंजिनाला पेट्रोल जायचंच थांबतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला थोडं थोडं पेट्रोल जात राहतं. हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. टाकी भरून मोजलं तर साडेसोळाचे सतरा झाले. किलोमीटरला सहा रुपये अठरा पैसे. तिसरा हिस्सा दोन रुपये सहा पैसे. एक चौऱ्याहत्तर त्याच्या आतच होते.

"म्हणजे इतकी वर्षं," बाबा म्हणाले, "मी पेट्रोल वाचवायला जे करत होतो त्यातच ते जात होतं?"

"थोडं," मी म्हटलं.

"थोडं का असेना." त्या संध्याकाळी त्यांनी ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला आणि गाडीला गिऱ्हाईक बघ म्हणून सांगितलं. टप चेपलाय, तो नारळाने, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. गाडी नेली त्या सकाळी ते फाटकापर्यंत तिच्यामागे गेले आणि परत येऊन शेडमधल्या गाडीची काच पुसत राहिले. मीही फडकं घेऊन मागची काच पुसायला लागले.

हे होऊन आता बरेच महिने झाले. रोज उजाडता बाबा निघतात, साडेनऊच्या आत येतात, आणि कोणालाही विचारत नाहीत. मात्र ट्रिप बी, म्हणजे स्क्रीनवरची दुसरी मोजणी, त्यांनी स्वतःकडे घेतली आहे. महिन्याच्या एक तारखेला ते ती शून्यावर आणतात आणि महिनाभर तिच्याकडे डोळे लावून असतात. अडचण एवढीच की ती ट्रिप मी चालवते तेव्हाही मोजत राहते.

परवा शनिवारी दुपारी मी बाजारात जायला चावी उचलली. बाबा ओटीवर पेपर वाचत होते. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "बाबा, गाडी नेऊ का?"

त्यांनी पेपर खाली केला. "कुठे?"

"बाजारात. मासळी आणायला."

"ने. पण चढावर पाय दाबू नकोस. सकाळी बारा पॉइंट चार ठेवून दिलाय मी. संध्याकाळी बघणार आहे."